ऑर्डर जुनी, तर दरही जुना: पार्टीनिहाय दरपत्रक तारखेनिशी कसे ठेवावे

पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा क्राफ्ट कागदाचा, आणि कागद गिरणी आपला भाव वर्षातून एकदा ठरवून गप्प बसत नाही. रद्दी महागली की गिरणी किलोमागे एक-दोन रुपये चढवते, मागणी पडली की उतरवते. मग खोकेवाल्याला आपल्या पार्ट्यांना पत्र पाठवावे लागते: अमुक तारखेपासून नवा दर. पत्र पाठवणे सोपे. डोकेदुखी असते ती त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या ऑर्डरींची. ऑर्डर आली जुन्या दराने, निम्मा माल गेला दरवाढीआधी, निम्मा जाणार आहे नंतर. बिलावर कोणता दर लावायचा?

व्यवहाराने पाहिले तर उत्तर सरळ आहे. ऑर्डर घेताना जो दर ठरला तो त्या ऑर्डरचा शेवटचा खोका जाईपर्यंत चालतो, वेगळे काही ठरलेले नसेल तर. गाडी अडते नोंदवहीत. बहुतेक छोट्या कारखान्यांत दरपत्रक म्हणजे एक्सेलची एक शीट असते. एका बाजूला पार्टी आणि माल, समोर दर. दर बदलला की हिशेबनीस त्या चौकटीतला 42 खोडतो आणि 45.50 लिहितो. तेवढ्या एका क्रियेत जुना दर काय होता आणि तो केव्हापर्यंत होता, या दोन्ही गोष्टी पुसल्या जातात. ज्याच्या डोक्यात त्या असतात तो रजेवर गेला की बिल करणारा मुलगा शीटमध्ये दिसेल तो दर लावतो. त्याचे चुकत नाही. त्याला दुसरे काही दिसतच नाही.

हे प्रत्यक्षात किती महाग पडते ते एका उदाहरणावरून पाहू. भोसरीतला एक खोक्यांचा कारखाना आणि चाकणची सुटे भाग बनवणारी एक कंपनी, अशी जोडी मानू. माल पाच प्लायचा एक ठरावीक मापाचा खोका. 1 एप्रिलपासून दर 42 रुपये. 2 जुलैला कंपनीची 10,000 खोक्यांची पर्चेस ऑर्डर आली, दर 42. कारखान्याने 15 जुलैपासून 45.50 लागू केला आणि कंपनीने तो मान्यही केला. माल तीन खेपांत गेला: 10 जुलैला 4,000, 18 जुलैला 3,000 आणि 5 ऑगस्टला 3,000.

बिल करणाऱ्याने प्रत्येक खेपेला त्या दिवशी शीटमध्ये असलेला दर घेतला. पहिले बिल 42 ने, पुढची दोन्ही 45.50 ने. एकूण 4,41,000 रुपये. ऑर्डर होती 4,20,000 रुपयांची. फरक 21,000, वर त्यावरचा जीएसटी. कंपनीत बिल पास करणारा माणूस तुमचे दरवाढीचे पत्र उघडून बसत नाही. त्याच्यासमोर पर्चेस ऑर्डर असते, त्यावर 42 लिहिलेले असते, आणि बिल 45.50 चे असते. तो बिल बाजूला ठेवतो. काही ठिकाणी संगणकच अशी बिले अडवतो. तुम्हाला कळते ते दीड-दोन महिन्यांनी, पैसे का आले नाहीत हे विचारायला फोन केला तेव्हा. मग क्रेडिट नोट, पुन्हा पाठपुरावा. आणि 21,000 रुपयांच्या गोंधळापायी तेव्हा अडकलेले असतात दोन बिलांचे मिळून पावणेतीन लाख.

उलटही होते, आणि ते जास्त वाईट, कारण त्याची तक्रार कोणी करत नाही. दर उतरला असताना जुन्या, चढ्या दराची ऑर्डर नव्या दराने बिल झाली, तर पार्टी गप्प राहते.

नोंद खोडायची नाही, खाली ओळ जोडायची

दरपत्रकाला लागणारे मूळ रकाने चारच आहेत: पार्टी, माल, दर आणि दर लागू होण्याची तारीख. दर बदलला की जुन्या ओळीला हात लावायचा नाही. खाली नवी ओळ घालायची. चाकणच्या कंपनीच्या त्या खोक्यासाठी दोन ओळी दिसतील: 1 एप्रिलपासून 42, 15 जुलैपासून 45.50. कोणत्याही दिवशीचा दर शोधायचा तर त्या दिवशी किंवा त्याआधी लागू झालेल्या ओळींपैकी सर्वांत अलीकडची ओळ घ्यायची. 2 जुलैला विचारले तर 42, 15 जुलैला विचारले तर 45.50.

पुष्कळ जण ‘केव्हापर्यंत’ असा पाचवा रकाना ठेवतात. मी तो ठेवू नका असे सांगतो. पुढची ओळ सुरू झाली की आधीची आपोआप संपते, मग तीच गोष्ट दुसऱ्यांदा हाताने कशाला लिहायची? हाताने लिहिली की दोनांपैकी एक चूक हमखास होते. जुना दर 14 जुलैला संपतो आणि नवा 16 ला सुरू होतो, मग 15 तारखेला आलेल्या ऑर्डरीला दरच नाही. किंवा दोन्ही ओळी 15 तारखेला चालू दाखवतात आणि दर दोन निघतात. दिवाळीपुरती सूट दिली असेल तरी हीच रीत: सूट सुरू होते त्या तारखेची एक ओळ, आणि नेहमीचा दर परत येतो त्या तारखेची दुसरी ओळ, दोन्ही एकाच वेळी लिहून टाकायच्या. परतीची ओळ नंतर लिहू म्हटले की सूट मार्चपर्यंत चालते.

चार रकान्यांच्या पुढे दोन रकाने मात्र जरूर ठेवा. एक, दर कशाच्या आधारे बदलला: पार्टीच्या पत्राचा क्रमांक, ई-मेलची तारीख, किंवा ‘खरेदी विभागाशी फोनवर, नंतर व्हॉट्सअॅपवर होकार’ असे साधे वाक्यही चालेल. दुसरा, ही ओळ शीटमध्ये कोणत्या दिवशी घातली. लागू तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी असू शकते, आणि बरेचसे भांडण या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत दडलेले असते. ते पुढे येईलच.

मालाच्या नावाबाबत एक सूचना. खोक्याच्या धंद्यात ‘मोठा खोका’ हे नाव उपयोगाचे नाही. लांबी-रुंदी-उंची, किती प्लाय, कागदाचा जीएसएम आणि बीएफ, छपाई किती रंगांची, यातले काही बदलले तर तो वेगळा माल आणि त्याची वेगळी ओळ. नाहीतर पार्टी कागद हलका करून घेते, दर दोन रुपयांनी उतरतो, आणि सहा महिन्यांनी शीटकडे पाहणाऱ्याला वाटते की आपण भाव पाडून दिला. प्रत्येक मालाला छोटा सांकेतिक क्रमांक द्या आणि पार्टीच्या पर्चेस ऑर्डरवर त्यांचा जो आयटम कोड येतो तोही शेजारी लिहून ठेवा. बिल जुळवताना तोच विचारला जातो.

ऑर्डर नोंदवली की दर गोठवायचा

तारखांचे दरपत्रक झाले की अर्धे काम झाले, पण अर्धेच. दरपत्रक सांगते की ऑर्डरच्या दिवशी दर काय होता. तो दर ऑर्डरच्या नोंदीत आकडा म्हणून उतरवून घ्यायचा आणि पुढे प्रत्येक बिल त्या नोंदीवरून करायचे. बिल करताना पुन्हा दरपत्रक उघडायचे नाही. नव्या शीटसाठी हा एक नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तारखांचे उत्तम दरपत्रक असूनही चुकीची बिले करणारी कार्यालये असतात, आणि तिथे हाच दुवा तुटलेला असतो.

एक्सेलमध्ये हे असे जमते. दरांची शीट `Rates`, तिच्यात A रकान्यात पार्टी, B मध्ये माल, C मध्ये दर, D मध्ये लागू तारीख. ऑर्डरींच्या शीटमध्ये A पार्टी, B माल, C ऑर्डरची तारीख. D मध्ये पहिले सूत्र आणि E मध्ये दुसरे:

```
=MAXIFS(Rates!D:D,Rates!A:A,A2,Rates!B:B,B2,Rates!D:D,"<="&C2)
=SUMIFS(Rates!C:C,Rates!A:A,A2,Rates!B:B,B2,Rates!D:D,D2)
```

पहिले सूत्र लागू होणारी तारीख शोधते, दुसरे त्या तारखेचा दर आणते. `MAXIFS` एक्सेल 2019 पासून पुढे मिळते, गूगल शीट्समध्येही आहे. दर आला की ती चौकट कॉपी करून तिथेच नुसता आकडा चिकटवायचा, म्हणजे Paste Special मधून Values. सूत्र तसेच राहू दिले तर दर गोठलेला नसतो. तो दरपत्रकाकडे पाहत राहतो, आणि उद्या कोणी मागच्या तारखेची एक ओळ घातली की सहा आठवड्यांपूर्वीच्या ऑर्डरींचे दर गुपचूप बदलतात. बदलले हे कळतही नाही, कारण शीटमध्ये लाल काही होत नाही.

ही सूत्रे चुकली तर कशी ओळखायची? D मध्ये 1900 सालातली तारीख किंवा शून्य दिसले तर त्या पार्टीसाठी त्या तारखेआधीचा दरच नाही, किंवा पार्टीचे नाव दोन शीटांत वेगळे लिहिले आहे, ‘प्रा. लि.’ एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, इतकेही पुरते. दर एकदम दुप्पट किंवा दुपटीच्या आसपास दिसला तर एकाच पार्टीच्या एकाच मालाला एकाच तारखेच्या दोन ओळी आहेत आणि `SUMIFS` ने दोघींची बेरीज केली. हा मला दोष वाटत नाही. चूक 91 रुपयांच्या खोक्याच्या रूपाने समोर आली तर लगेच दिसते. दोन ओळींपैकी कोणतीतरी एक गुपचूप उचलणारे सूत्र ती लपवून ठेवते.

सर्वांत फसवी चूक तारखेच्या लिखाणाची. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर 5 एप्रिल म्हणून लिहिलेले 05/04 हे 4 मे होते, आणि 15/07 ही तारीख न राहता नुसता मजकूर होतो, कारण पंधरावा महिना नसतो. मजकूर झालेली ओळ `MAXIFS` ला दिसतच नाही, म्हणून 15 जुलैची दरवाढ लागू होत नाही आणि जुनाच दर येत राहतो. तारीख चौकटीत डावीकडे चिकटलेली दिसली की शंका घ्या; खरी तारीख आपणहून उजवीकडे जाते. संपूर्ण रकाना 15-Jul अशा, महिना अक्षरांत दाखवणाऱ्या मांडणीत ठेवला की ही भानगड नजरेला लगेच येते.

टॅली वापरणाऱ्यांना हे सूत्रांचे काम करावे लागत नाही. तिथे `Price Level` ची सोय आहे आणि दरयादीला `Applicable From` तारीख द्यावी लागते. प्रत्येक मोठ्या पार्टीसाठी वेगळा स्तर करून तो तिच्या लेजरला जोडला की दर आपोआप येतो. पण इथेही दुवा तोच. विक्रीचे बिल करताना आधी नोंदवलेल्या सेल्स ऑर्डरचा क्रमांक `Order No` मध्ये निवडला तर ऑर्डरचा दर येतो. घाईत ऑर्डर न निवडता थेट माल टाकला तर बिलाच्या तारखेला लागू असलेला दर येतो. वरच्या उदाहरणातली 21,000 रुपयांची चूक टॅलीमध्येही जशीच्या तशी होऊ शकते. तपासणी सोपी आहे: महिन्याअखेरीस बाकी ऑर्डरींची यादी काढा. ज्या ऑर्डरीचा माल जाऊन संपला आहे ती अजून बाकी दिसत असेल, तर तिची बिले ऑर्डर न निवडता झाली आहेत. त्या बिलांचे दर हाताने तपासा.

कोणत्या तारखेचा दर?

आतापर्यंत मी ऑर्डरची तारीख धरून चाललो. सगळ्या पार्ट्यांशी तसेच ठरलेले असते असे मात्र नाही, आणि हे पार्टीगणिक लिहून ठेवले नसेल तर बाकी सगळी शिस्त फुकट जाते.

नाशिकचा द्राक्ष निर्यातदार पाहा. हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. तो डिसेंबरमध्येच हंगामभराच्या खोक्यांचा दर ठरवतो आणि लागतील तसे उचलतो. त्याच्यासाठी दर ठरण्याची तारीख म्हणजे डिसेंबरमधल्या बोलणीची तारीख. फेब्रुवारीत कागद चढला तरी त्याचा खोका चढत नाही. चाकणच्या एखाद्या मोठ्या कंपनीची पद्धत वेगळी. तिथे वर्षभराची खुली पर्चेस ऑर्डर असते, तिच्यावर एकूण संख्या नसते, दर महिन्याला वेळापत्रक येते, आणि तिमाहीला कागदाच्या भावानुसार दर सुधारला जातो. इथे पर्चेस ऑर्डरची तारीख एप्रिलची म्हणून एप्रिलचा दर धरला तर वर्षभर जुनाच दर चालेल. इथे दर ठरतो तो माल पाठवण्याच्या तारखेवरून, किंवा ज्या महिन्याच्या वेळापत्रकातला माल आहे त्या महिन्यावरून. या दोहोंतही फरक आहे: जूनच्या वेळापत्रकातला माल तुमच्याकडून उशीर होऊन 3 जुलैला गेला, तर पार्टी जूनचाच दर देईल, आणि ते बरोबरच आहे. आणि मार्केट यार्डातला किरकोळ गिऱ्हाईक, फोनवर सांगून दुपारी टेम्पो पाठवणारा, त्याला त्या दिवसाचा दर.

म्हणून पार्टीच्या नोंदीतच एक रकाना असावा: दर कशावर, ऑर्डरच्या तारखेवर, वेळापत्रकाच्या महिन्यावर की माल निघण्याच्या तारखेवर. एक शब्द पुरतो. वरच्या सूत्रात C रकान्यात हीच तारीख भरायची. सूत्र तेच राहते, तारीख कोणती भरायची ते पार्टी ठरवते.

ऑर्डर वाढली तर? 20 जुलैला चाकणच्या कंपनीने 10,000 ऐवजी 12,000 करा असे कळवले. जुन्या ओळीतला आकडा 12,000 करून टाकला तर जादा दोन हजारांनाही 42 लागतो. वाढीव 2,000 ची वेगळी ओळ, तारीख 20 जुलै, दर 45.50, आणि तसे पार्टीला त्याच दिवशी कळवायचे, म्हणजे त्यांच्या सुधारित पर्चेस ऑर्डरवरही दोन ओळी येतील. कमी झाली तर प्रश्न नाही, संख्या घटते, दर तोच. मालाचे माप बदलले तर तो नवा माल, नवी ऑर्डर, ऑर्डर नंबर जुना असला तरी.

आणि जुना दर किती दिवस पाळायचा? पाळायचाच, पण अनंतकाळ नाही. दरवाढीचे पत्र 1 जुलैला गेले आणि दर 15 पासून लागू, म्हणजे मधले दोन आठवडे पार्टीला जुन्या दराने ऑर्डर टाकण्याची मुभा. शहाणा खरेदीवाला 14 जुलैला सहा महिन्यांची ऑर्डर टाकतो. नियमाने तिला जुना दर द्यावा लागतो, आणि तुमचा कागद मात्र नव्या भावाने येणार. याला उपाय नंतर वाद घालणे नव्हे, पत्रातच दोन ओळी लिहिणे: या मुदतीत जुन्या दराने नेहमीच्या महिन्याच्या सरासरीइतकीच ऑर्डर स्वीकारू, आणि 31 ऑगस्टपर्यंत उचललेल्या मालालाच जुना दर राहील. ही शेवटची तारीख ऑर्डरच्या नोंदीतही उतरवा. दर गोठवला आहे त्याच ओळीत, कुठपर्यंत, हेही.

मागच्या तारखेपासून आलेला दर

खुल्या ऑर्डरवाल्या मोठ्या पार्ट्यांकडे हे नेहमीचे आहे. दर सुधारण्याची बोलणी सहा आठवडे चालतात, 10 ऑगस्टला पत्र येते: नवा दर 1 जुलैपासून. आधीचा 28, नवा 29.20. मधल्या काळात तुम्ही 28 ने बिले केली, पार्टीने काहींचे पैसेही दिले.

इथे मोह होतो तो जुनी बिले उघडून दर बदलण्याचा. ते करू नका. ती बिले तुमच्या जीएसटी विवरणात गेलेली आहेत, पार्टीच्या खात्यातही गेलेली आहेत. 1 जुलै ते 10 ऑगस्टपर्यंत गेलेल्या मालाची बिलवार यादी काढा. समजा एकूण 6,500 खोके गेले. फरक नगामागे 1.20, म्हणजे 7,800 रुपये अधिक कर. त्याची डेबिट नोट काढा आणि तिच्यावर मूळ बिलांचे क्रमांक लिहा. दर उतरला असेल तर याच पद्धतीने क्रेडिट नोट. क्रेडिट नोटीला मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षातले बिल, ते वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरण त्याआधी भरले असेल तर तोपर्यंत, ती विवरणात दाखवली तरच कर कमी करता येतो. त्यानंतर करापुरते नुकसान तुमचेच.

दरपत्रकात नवी ओळ पडते: लागू 1 जुलै, नोंद 10 ऑगस्ट. आता नोंदीच्या तारखेचा रकाना का हवा ते दिसेल. वर्षाअखेरीस ऑडिटर विचारतो, 1 जुलैपासून 29.20 असताना 18 जुलैचे बिल 28 ने कसे? शीट उत्तर देते: 18 जुलैला ही ओळ नव्हतीच, फरक डेबिट नोटीने वसूल केला. आणि दर गोठवलेल्या, ठरावीक संख्येच्या ऑर्डरींना ही मागची ओळ हात लावत नाही, कारण तिथे सूत्र उरलेले नाही, आकडा आहे.

माल परत आला तरी नियम तोच. 10 जुलैच्या खेपेतले 200 खोके भिजून सप्टेंबरमध्ये परत आले, तर क्रेडिट 42 ने, त्या दिवशी चालू असलेल्या 45.50 ने नव्हे. परतीच्या चलनावर मूळ बिलाचा क्रमांक मागून घेण्याची सवय लावा. बदली माल पाठवताना तो त्याच जुन्या ऑर्डरीच्या खात्यात, त्याच दराने.

कराला जुन्या ऑर्डरीची ओळख नसते

सप्टेंबर 2025 मध्ये हा धडा पुष्कळांना एकदम मिळाला. 22 तारखेपासून पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, आणि ज्या क्राफ्ट कागदापासून ते बनतात त्याच्यावरचा 12 चा 18 झाला. (कच्च्या मालावर जास्त आणि पक्क्या मालावर कमी, यावर खोकेवाले बरेच चिडले, पण तो वेगळा लेख.) ऑगस्टमध्ये घेतलेल्या 42 रुपयांच्या ऑर्डरीचा काही माल 18 सप्टेंबरला बिल होऊन गेला, काही 25 ला. दर दोन्हींना 42. कर मात्र पहिल्याला 12 टक्के, दुसऱ्याला 5.

दर ठरतो तुमच्या-पार्टीच्या बोलीने, कर ठरतो कायद्याने आणि माल, बिल, पैसे यांच्या तारखांवरून. कलम 14 नुसार, बदलानंतर गेलेल्या मालाला जुना कर तेव्हाच लागतो जेव्हा बिल आणि पैसे ही दोन्ही बदलाआधीची असतात. ऑर्डर केव्हाची आहे याला तिथे काही अर्थ नाही. म्हणून दरपत्रकात दर नेहमी करावेगळा लिहा आणि कराच्या टक्केवारीची, तिच्याही लागू तारखांची, वेगळी छोटी यादी ठेवा. ज्यांनी शीटमध्ये ‘सर्वसमावेशक 47.04’ असे लिहून ठेवले होते त्यांच्यापुढे 22 सप्टेंबरला प्रश्न पडला की 47.04 कायम ठेवायचे की 44.10 करायचे. करावेगळा 42 लिहिलेला असता तर हा प्रश्नच आला नसता. वाहतूक आणि छपाईच्या ब्लॉकचा खर्चही दरात मिसळू नका; भाडे चढले म्हणून खोक्याचा दर बदललेला दिसायला नको.

सुरुवात कोठून करायची

जुने दर सगळे शोधून काढायच्या नादी लागू नका. आजची तारीख घ्या. आज ज्या ऑर्डरींचा माल बाकी आहे त्यांचीच यादी करा. प्रत्येकीसमोर पार्टीच्या पर्चेस ऑर्डरवर लिहिलेला दर, उरलेली संख्या आणि दर कुठपर्यंत पाळायचा ती तारीख उतरवा. आपल्या शीटमधला नाही, पर्चेस ऑर्डरवरचा दर. दोन्ही वेगळे निघाले तर ते आज कळलेले बरे. मग प्रत्येक पार्टीचा चालू दर पहिली ओळ म्हणून लिहा. त्याची लागू तारीख माहीत असेल तर ती. नसेल तर आजची लिहा आणि आधाराच्या रकान्यात ‘सुरुवातीची नोंद’ असे लिहा. बाकी ऑर्डरींचे दर आधीच गोठवलेले असल्यामुळे या अंदाजाने त्यांचे काही बिघडत नाही.

तोंडी दर चालतात तिथे लोक म्हणतात, आमच्या पार्ट्या लिहून देत नाहीत. त्यांच्याकडून लिहून घ्यायची गरज नसते, आपण लिहून पाठवायचे असते. ऑर्डर घेतल्यावर त्याच दिवशी मेसेज: ‘साहेब, आपली 3,000 खोक्यांची ऑर्डर 45.50 अधिक जीएसटी या दराने नोंदवली, माल 20 तारखेपर्यंत.’ उत्तर आले नाही तरी पुढे वाद झाला तर तो मेसेज कामाला येतो, आणि दर चुकीचा असेल तर उत्तर लगेच येते.

शीटला हात कोण लावणार हेही ठरवून टाका. दरांच्या शीटमध्ये नवी ओळ घालण्याचा अधिकार एकाच माणसाला, बिल करणाऱ्याला फक्त पाहता येईल अशी. ज्या दिवशी नवा दर लागू होतो त्याच्या आदल्या संध्याकाळी बाकी ऑर्डरींची यादी पार्टीनिहाय छापा, प्रत्येक ऑर्डरीचा गोठलेला दर समोर लिहिलेली, आणि ती बिलाच्या टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला टेम्पो भरून उभा राहील तेव्हा बिल करणाऱ्याने याच कागदावर बोट ठेवून दर घ्यायचा, आणि पार्टीने विचारलेच तर तीच यादी ई-मेलने पाठवायची.